तीन हिरवे दिवे असूनही बीप: सीएनजी किटच्या स्विचचा अनुभव

सिक्वेन्शियल किट बाहेरून बसवून घेतलं, त्याला वर्ष होत आलं. मायलेज आणि डिकीची गेलेली जागा यावर सगळेच लिहितात. मला लिहायचंय ते गाडी पेट्रोलवरून गॅसवर घेणाऱ्या, चार हिरव्या आणि एका लाल दिव्याच्या स्विचबद्दल, कारण त्याच्यावरून सर्व्हिसवाल्याशी माझं जोरदार वाजलं.

सुरुवातीला या दिव्यांवर माझा विश्वासच बसत नव्हता. रात्री पंपावर चार हिरवे, सकाळी तीनच! पण दिवे किलो मोजत नाहीत, सिलिंडरमधलं प्रेशर दाखवतात. भरताना गॅस तापतो, रात्रीत थंड झाला की प्रेशर उतरतं. संध्याकाळच्या गर्दीत पंपाचंच प्रेशर कमी असेल, तर सिलिंडर 200 बारपर्यंत भरतच नाही. सकाळी पेट्रोलवर सुरू झाल्यावर दिवा लुकलुकतो, तोही बिघाड नाही. सिलिंडरमधून येणाऱ्या गॅसचं प्रेशर उतरवणारा रेग्युलेटर इंजिनाच्या गरम पाण्याने तापेपर्यंत ईसीयू, म्हणजे किटचा कॉम्प्युटर, गाडी गॅसवर घेत नाही.

पावसाळ्यात मात्र वेगळीच तऱ्हा सुरू झाली. एसी लावून पवईचा फ्लायओव्हर चढताना बीप वाजायचा, दिवा लुकलुकायचा आणि गाडी पेट्रोलवर जायची. गॅस संपल्यावरही बीप वाजतो, पण तेव्हा लाल दिवा असतो. इथे तर तीन हिरवे! स्विच दाबून पुन्हा गॅसवर घेतली की सपाट रस्त्यावर नीट चालायची.

सर्व्हिसवाल्याने गाडी न चालवताच निदान केलं: रेग्युलेटर गेला, नवीन टाका. हजारोंचा खर्च! मी ठाम नकार दिला आणि लॅपटॉप जोडून माझ्यासमोर रीडिंग दाखवा, असं सांगितलं. गाडी उभी असताना इंजेक्टरना गॅस देणाऱ्या नळीचं, म्हणजे गॅस रेलचं प्रेशर जागेवर होतं, चढावर ॲक्सिलरेटर दाबताच ते घसरत गेलं. म्हणजे सिलिंडरमध्ये गॅस होता, पण जोर लागताच इंजेक्टरपर्यंत पुरेसा पोचत नव्हता. प्रेशर ठरलेल्या मर्यादेखाली गेलं की ईसीयू गाडी पेट्रोलवर टाकतो. लुकलुकणं त्याचंच होतं.

असं रेग्युलेटर बिघडल्यानेही होतं, मान्य. पण आधी स्वस्त वस्तू तपासायची की नाही? रेग्युलेटर आणि इंजेक्टरच्या मधला फिल्टर उघडला, तर आत काळपट तेल. पंपाच्या कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर थोडंथोडं येतं आणि तिथे साचतं. काही शे रुपयांचा फिल्टर बदलला, त्याच फ्लायओव्हरवरून एसी लावून नेली, बीप नाही.

तेव्हापासून या दिव्यांबद्दलचं माझं मत बदललंय. तुमच्याकडेही असं झालं, तर बीप वाजला तेव्हा कोणते दिवे होते आणि गाडी चढावर होती की सिग्नलला उभी, एवढं लिहून ठेवा. किटगणिक लुकलुकण्याचा अर्थ बदलतो, तो पुस्तिकेत बघा. गॅसचा वास आला तर मात्र स्विच दाबत बसू नका. इंजिन बंद करा आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने फिरवून बंद करा. मी आता दर सर्व्हिसला फिल्टर समोर उघडायला लावतो आणि बदलला तर जुना मागून घेतो.