शवासनापर्यंत नेणारं संगीत: एक सलग राग की जुळवलेले तुकडे?

घरी तासभर आसनं आणि ध्यान करताना मागे संगीत हवं असेल, तर दोन रस्ते दिसतात. एक म्हणजे बासरी किंवा संतूरवर वाजवलेला एखादा पूर्ण राग लावायचा आणि फोन लांब ठेवून द्यायचा. दुसरा म्हणजे वेगवेगळ्या ध्वनिमुद्रणांतले तुकडे निवडून, क्रमाने लावून स्वतःची यादी करायची. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

सलग रागाची जमेची बाजू मोठी आहे. सुरुवातीच्या आलापात ठेका नसतो, त्यामुळे श्वास कुणाच्या तालावर चालवावा लागत नाही. षड्ज, म्हणजे मूळ सा, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच. मध्ये खंड नाही, जाहिरात नाही. पहिली वीस-पंचवीस मिनिटं तर याच्याइतकं सुखाचं काही नाही.

अडचण त्यानंतर सुरू होते, आणि माझ्यापुरता निकाल तिनेच लावला. मैफलीची बांधणी चढत जाणारी असते. आलापानंतर लय धरणारा जोड, मग जलद झंकारांचा ‘झाला’ हा भाग, पुढे तबला आला की विलंबित गतीकडून द्रुतकडे. आपला तास मात्र मध्यावर चढतो आणि मग उतरतो. म्हणजे आपण पाठीवर पडून हातपाय सैल सोडतो नेमकं तेव्हा संतूरवाला आणि तबलजी यांची सवाल-जवाबाची चढाओढ रंगात आलेली असते. मुद्रण मैफलीतलं असेल तर वर टाळ्याही. कलाकाराचं यात काहीच चुकत नाही, ती वेळ त्याच्या कळसाची असते. पण कानात झाला चालू असताना जबडा आणि खांदे सैल सुटत नाहीत, निदान माझे तरी. आवाज कमी करायला उठावं तर शवासन तिथेच मोडतं.

म्हणून यादी. तिच्यात मी रागाचा क्रम आपल्या सोयीने उलटवतो. सकाळच्या तासाला अहिर भैरव धरू. पहिली पाच मिनिटं नुसता तानपुरा, बसून श्वास लागेपर्यंत. मग सांधे मोकळे करताना दहा मिनिटं जोडाचा सावकाश भाग. सूर्यनमस्कार आणि उभ्या आसनांना पंधरा मिनिटं मध्यलयीतली तीनतालाची गत, तीही द्रुत होण्याआधी कापलेली. पश्चिमोत्तानासनासारख्या बैठ्या आसनांना बारा मिनिटं विलंबित एकताल. तो फार संथ असेल तर एक आवर्तन मिनिटाच्या आसपास जातं आणि सम कधी आली याकडे लक्षही राहत नाही. आणि मैफलीत जो सर्वात आधी येतो तो आलाप इथे शवासनाला: बासरीचे मंद्र सप्तकातले लांब स्वर, बारा मिनिटं. शेवटची सहा मिनिटं पुन्हा तानपुरा.

यादीची खोड म्हणजे षड्ज. पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर मोठी बासरी बहुधा पांढरी तीनची असते, पुरुष गायक काळी एकच्या आसपास, गायिका काळी चार-पाचला. राग तोच असूनही एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना सा सरकला, की डोळे मिटलेले असूनही माणूस दचकतो. ओळखायची रीत सोपी आहे. पहिला तुकडा संपताना त्याचा सा गुणगुणत राहायचा आणि पुढचा लावायचा. गळा हलवावा लागला, तर तो तुकडा बाद. दोन तुकड्यांचे काठ दहा-बारा सेकंद एकमेकांत मिसळण्याची सोय बऱ्याच अ‍ॅपमध्ये असते, पण सा एक नसेल तर तेवढे सेकंद दोन षड्ज एकमेकांवर घासत राहतात. तानपुराही बघून घ्यावा लागतो. मालकंसात पंचम नाही, तेव्हा पंचमाचा तानपुरा त्याच्या पुढेमागे लावला तर खटकतो, मध्यमाचाच हवा.

या जुळवाजुळवीत एक संध्याकाळ सहज जाते, हे खरं. ज्यांना आसनं करायची नाहीत, नुसतं वीसेक मिनिटं बसायचं आहे, त्यांनी एवढा खटाटोप करू नये असं मला वाटतं. एखादा लांब आलाप लावावा आणि जोड सुरू होताच बंद होईल असा टायमर ठेवावा.

अभंग आणि भावगीतांचं विचाराल, तर सुरुवातीला चालतील. शवासनात मात्र शब्द नकोत. पाठ असलेली ओळ आली की मन पुढच्या ओळीला जाऊन थांबतं.

यादी केलीत, तर ती संपल्यावर अ‍ॅपने आपल्या मनाने पुढचं गाणं लावायची सोय आधी बंद करा. नाहीतर तानपुरा विरतो न विरतो तोच कुणाचा तरी ढोल सुरू होतो.