उद्याच्या स्वयंपाकाची आठवण: गजर, कॅलेंडर की फ्रिजवरचा फळा?

सकाळी साडेसातला स्वयंपाकाच्या मावशी येतात आणि विचारतात, "आज काय करायचं?" त्या वेळी छोले भिजवलेले नसतात आणि कणकेच्या डब्याचा तळ दिसत असतो. म्हणून आदल्या संध्याकाळी कुणीतरी आठवण करून द्यायला हवी. ते काम फोनचा गजर, कुटुंबाचं सामाईक कॅलेंडर किंवा फ्रिजवरचा फळा यांतलं कोण नीट करतं, हे ठरवण्याआधी वेळ ठरवावी लागते. बहुतेक घरांत चूक तिथेच होते.

रात्री साडेनऊ ही सोयीची वाटणारी पण वाईट वेळ. किराण्याचं दुकान आवरत आलेलं असतं आणि दिवसभर दमलेला माणूस "सकाळी बघू" म्हणून गजर बंद करतो. सातची वेळ बरी. दुकान उघडं असतं, ऑफिसातून परतणाऱ्याला वाटेत कोथिंबीर-टोमॅटो आणायला सांगता येतं, आणि रात्री दहाला भिजवलेले छोले सकाळपर्यंत आठ-नऊ तास भिजतात.

पण सातची आठवणसुद्धा मोड आलेल्या मटकीला उशिराचीच. मटकी आठ तास भिजते, मग निथळून फडक्यात बांधल्यावर मोड यायला उन्हाळ्यात एक रात्र लागते, थंडीत त्याहून जास्त. शुक्रवारी सकाळी उसळ हवी असेल, तर गुरुवारी सकाळी मटकी पाण्यात पडायला हवी, म्हणजे ठरायला हवं बुधवारी संध्याकाळी. इडलीचंही तसंच: डाळ-तांदूळ चार-पाच तास भिजवायचे, वाटायचे, मग रात्रभर आंबवायचे. म्हणून आठवणीत "उद्या काय?" एवढंच लिहून भागत नाही, "परवासाठी काय भिजवायचं?" हेही हवं.

आता साधनं. फोनच्या गजराचा मोठा गुण म्हणजे फोन सायलेंटवर असला तरी तो साधारणपणे वाजतो. रोजचा लावून लेबलमध्ये मजकूर लिहिता येतो. दोष असा की तो एकाच माणसाच्या फोनवर वाजतो, आणि तो माणूस मीटिंगमध्ये असला की घराला पत्ता लागत नाही. शिवाय रोजच्या गजराला बोट सवयीनं बंद करतं. लेबलात "जेवण" लिहिलं, तर आठवड्याभरात तो नुसता आवाज उरतो. "उद्या भाजी? परवा भिजवणं? कणीक, तेल, दूध?" असं लिहिलं, तर निदान डबे उघडले जातात.

कॅलेंडर सगळ्यांना दिसतं आणि वारानुसार वेगळी नोंद करता येते: बुधवारी "मटकी", शनिवारी "इडलीचं भिजवण". ज्या घरात आठवड्याचा बेत बराचसा ठरलेला असतो, तिथे हे गजरापेक्षा सरस. मात्र फोन सायलेंटवर असेल तर सूचना निमूटपणे येऊन पडते, आणि सामाईक कॅलेंडरमध्येही प्रत्येकाला सूचना आपापल्या फोनवर सुरू करावी लागते. एकानं लावली म्हणजे सगळ्यांना वाजेल, हा गैरसमज नेहमीचा.

फळा वाजत नाही, पण मावशींना तोच उपयोगी. सकाळी त्यांना कुणाचा फोन बघावा लागत नाही. संपत आलेली वस्तूही त्याच लिहितात, कारण डबे त्यांच्याच हाताखालचे. मावशी लिहीत-वाचत नसतील, तर फळ्याऐवजी संध्याकाळचा व्हॉट्सॲप व्हॉइस मेसेज बरा. "ताई, उद्या छोले आहेत, भिजत घातलेत, कांदे चार काढून ठेवलेत," एवढंच पुरतं.

किराणा तपासणं मात्र कुठल्याच साधनाला आपोआप जमत नाही. त्यासाठी डब्यावर खूण करावी. चौघांच्या घरात दोन्ही वेळच्या मिळून 24 पोळ्या होत असतील आणि पोळीला साधारण 30 ग्रॅम कणीक धरली, तर दिवसाला सुमारे 700 ग्रॅम लागते. दळण टाकून परत यायला एखादा दिवस जातो, म्हणून दीड किलोच्या पातळीला डब्यावर चिकटपट्टी लावा. कणीक तिच्या खाली गेली की संध्याकाळीच गहू काढायचे. तेलाच्या कॅनवरही असंच.

घरात एकटी व्यक्ती बेत ठरवत असेल, तर सातचा गजर आणि फळा पुरेसा. कॅलेंडरच्या भानगडीत पडू नये. दोघं आलटून-पालटून बघत असतील, तर कॅलेंडर घ्यावं, पण ज्याची पाळी त्याच्या फोनवर गजरही असावा.

तरीही एखाद्या रात्री छोले भिजवायचे राहतातच. सकाळी उठल्या उठल्या ते उकळत्या पाण्यात घालून तासभर झाकून ठेवावेत, मग कुकरमध्ये नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ शिजवावेत. शिट्टीला घाई केली तर साल फुटतं आणि आतला दाणा कडक राहतो. तेवढा तास हाताशी नसेल, तर त्या दिवशी पिठलं.