चिखल्या म्हणजे नक्की काय: बुरशी, इसब की जिवाणू?

पावसाळा लागला की पायाच्या बोटांच्या बेचक्यात जे काही होतं त्याला आपण सरसकट चिखल्या म्हणतो. कातडी सोलते, पांढरी पडते, खाज येते, आग होते, वास येतो, आणि या सगळ्याला नाव एकच. पण या एका नावाखाली निदान तीन वेगळे आजार असतात आणि तिघांचं औषध वेगळं आहे. एकाचं औषध दुसऱ्याला लावलं तर नुसता उपयोग होत नाही असं नाही, बऱ्याचदा आजार बळावतो. त्वचारोगाच्या दवाखान्यात जुलै-ऑगस्टमध्ये असे पाय रोज दिसतात, आणि त्यातले बरेचसे चुकीचं मलम लावून बिघडलेले असतात. म्हणून मलमाची ट्यूब उघडण्याआधी काय बघायचं ते सांगते.

पहिला प्रश्न खाजेचा नाही, जागेचा. खाज बुरशीलाही येते आणि इसबालाही, त्यामुळे तिच्यावरून काही ठरत नाही. पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्यामधलं बेचकं सगळ्यात अरुंद. तिथे हवा पोचत नाही, घाम वाळत नाही. बुरशी जवळजवळ नेहमी तिथूनच सुरू होते आणि मग एकेक बेचकं ओलांडत आतल्या बाजूला सरकते. बहुतेकदा आधी एकाच पायाला होते.

इसबाचं उलटं आहे. चपलेच्या पट्ट्यातल्या रबराच्या रसायनांची किंवा चामडं कमावताना वापरलेल्या क्रोमियमची ॲलर्जी असेल, तर ती पट्टा जिथे टेकतो तिथे उठते, म्हणजे बोटांच्या आणि पावलाच्या वरच्या बाजूला. दोन्ही पायांना, साधारण सारखीच. रबरी स्लिपर घालणाऱ्यांच्या पावलावर तर पट्ट्याचा आकार जसाच्या तसा उमटलेला दिसतो. अशा माणसाची बोटं फाकवून पाहिली तर बेचकी बहुधा स्वच्छ असतात. अंगठ्याशेजारचं बेचकं, जिथे स्लिपरचा खुंट घासतो, तेवढा अपवाद.

लहान मुलांच्या बाबतीत हे जास्तच लक्षात ठेवावं. दहा वर्षांखालच्या मुलाला बेचक्यातली बुरशी तशी कमीच होते. शाळेचे बूट घालणाऱ्या मुलाच्या तळव्याचा पुढचा भाग लाल, चकचकीत आणि चिरलेला असेल आणि बेचकी कोरडी असतील, तर ते घामाचं आणि बुटाच्या घर्षणाचं इसब असतं. त्याला बुरशीचं मलम महिनाभर लावलं तरी फरक पडत नाही.

दुसरा प्रश्न: कोरडं आहे की ओलं?

नुसती बुरशी बऱ्यापैकी कोरडी असते. पातळ पापुद्रे निघतात, मध्ये एखादी चीर पडते, खाज येते, विशेषतः संध्याकाळी मोजे काढल्यावर. वास फारसा नसतो, दुखणं तर नसतंच. बेचक्यातून पांढरट ओलसर लगदा निघू लागला, वास मारू लागला, आणि खाजेच्या जागी दुखणं आलं, की तिथे जिवाणू आलेले आहेत असं समजावं.

इथली गंमत अशी की हे जिवाणू बाहेरून नव्याने आलेले नसतात. ते आपल्या कातडीवर कायमचेच राहतात. बुरशी कातडीचा वरचा थर पोखरते, त्यात पावसाचं पाणी आणि घाम साचतो, आणि त्या भिजलेल्या कातडीत जिवाणू भरमसाट वाढतात. १९७० च्या दशकात लेडन आणि क्लिगमन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी हा क्रम नीट मांडला. जिवाणू वाढले की बुरशी मागे हटते, त्यामुळे ऐन ओल्या, सडलेल्या अवस्थेत बेचक्यातली कातडी खरवडून तपासली तर बुरशी सापडतच नाही, हेही त्यांनी दाखवलं. म्हणून ‘बुरशीची तपासणी निगेटिव्ह आली, म्हणजे बुरशी नव्हतीच’ असा निष्कर्ष ओल्या पायावरून काढू नये. बुरशी की जिवाणू, या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा ‘आधी ती, मग ते’ असं असतं.

जिवाणूंचे दोन प्रकार ओळखता यायला हवेत. एक अगदी शांत. बेचक्यात तपकिरी-पांढरट, भुसभुशीत पापुद्रा, खाज नाही, दुखत नाही, महिनोन्‌महिने तसाच. याला इरिथ्राझ्मा म्हणतात. अंधारात वुड्‌स लॅम्पच्या जांभळ्या उजेडाखाली तो पोवळ्यासारखा लाल चमकतो. फक्त त्या दिवशी पाय धुऊन जायचं नाही, कारण चमकणारं द्रव्य पाण्यात विरघळतं आणि तपासणी फसते. बेचक्यातली नेहमीची बुरशी या दिव्याखाली चमकत नाही. हा प्रकार फसवतो तो औषधात. टर्बिनाफिन हे बुरशीवर चांगलं मलम, पण या जिवाणूवर त्याचा फारसा परिणाम नाही. क्लोट्रिमाझोल थोडंफार दोघांवरही चालतं. ‘एका मलमाने काही झालं नाही, दुसऱ्याने बरं वाटलं’ यामागे कधीकधी एवढंच असतं.

दुसरा प्रकार आक्रमक. कातडी कुरतडल्यासारखी दिसते, मोज्यावर हिरवट डाग पडतो, वास लांबून येतो आणि चालताना कळ येते. हा स्यूडोमोनास. तासन्‌तास ओल्या बुटात राहणाऱ्यांना होतो. याला घरचा उपाय नाही, डॉक्टरांकडेच जायला हवं.

तिन्ही गोष्टी एकाच पायात कशा येतात, ते एका रुग्णावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. पंचेचाळिशीतले सुरक्षारक्षक, बारा तासांची रात्रपाळी, पायात बंद बूट. दोन-तीन वर्षं दर पावसाळ्यात उजव्या पायाच्या शेवटच्या बेचक्यात साल निघायची, खाजायचं, दिवाळीपर्यंत आपोआप कमी व्हायचं. त्या वर्षी त्यांनी दुकानातून एक मलम आणलं. बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र असलेलं. तीन दिवसांत खाज गेली. मलम गुणकारी आहे असं वाटून त्यांनी ते तीन आठवडे लावलं.

स्टेरॉइडने खाज आणि लाली दबते, पण त्याच वेळी कातडीची प्रतिकारशक्तीही दबते. बुरशी आतून पसरत राहते. त्यांच्या पावलाच्या वरच्या बाजूला एक पुसट लाल चट्टा आला होता. नायट्याला असते तशी स्पष्ट कड त्याला नव्हती, त्यामुळे तो हुबेहूब इसबासारखा दिसत होता. मधल्या काळात जोराचा पाऊस झाला, दोन रात्री बूट भिजले, आणि बेचक्यात हिरवट लगदा आणि कळ सुरू झाली. ते आले तेव्हा सोबतच्या पुतण्याने विचारलं, “डॉक्टर, काकांना इसब झालंय ना?”

बेचक्यातली ओली कातडी खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर बुरशी नाही. तळव्याच्या कडेला एक कोरडा, भुकटीसारखा पट्टा होता, तो खरवडल्यावर मात्र बुरशीचे धागे स्पष्ट दिसले. अंगठ्याचं नखही पिवळट आणि जाड होतं, म्हणजे बुरशी मुक्कामाला कधीपासूनची होती. रक्तातली साखर तपासली, ती ठीक निघाली.

औषधांचा क्रम इथे महत्त्वाचा होता. मिश्र मलम त्याच दिवशी बंद. पहिला आठवडा फक्त जिवाणू आणि ओलावा यांच्यासाठी: पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय, मग कोरडा करून बेचक्यात सुती गॉजची पट्टी, आणि पूच्या तपासणीनुसार गोळ्या. (खडा पूर्ण विरघळलेला हवा आणि पाणी गुलाबीच हवं. गडद जांभळ्या पाण्याने कातडी भाजते.) बेचकं कोरडं झाल्यावर बुरशीचं साधं मलम, दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत, चार आठवडे. स्टेरॉइड थांबवल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी खाज उसळणार, हे त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. ते सांगितलं नसतं तर त्यांनी जुनी ट्यूब परत उघडली असती.

आता तुमच्या पायाबद्दल. साल कोरडी आहे, खाजते, शेवटच्या एक-दोन बेचक्यांपुरतीच आहे आणि मधुमेह नाही, तर घरी सुरुवात करायला हरकत नाही. टर्बिनाफिन एक टक्का एक ते दोन आठवडे, किंवा क्लोट्रिमाझोल एक टक्का दिवसातून दोनदा चार आठवडे. खाज थांबली म्हणून मध्येच सोडू नका. ट्यूबवर आणखी कुठलीही नावं असतील, विशेषतः ‘सोन’ किंवा ‘सोल’ने संपणारी, जसं बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल, तर ती परत द्या. दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर कातडी तपासून घ्या, आणि शक्य असेल तर त्याआधी काही दिवस मलम लावू नका.

बेचकी स्वच्छ आणि पावलावर वरून पुरळ असेल, तर आधी चप्पल बदला. बेचकं ओलं आहे, वास येतो, दुखतं, तर बुरशीच्या मलमाने सुरुवात करू नका. मेंदीही लावू नका. पुष्कळ घरांत ती लावतात, पण तिच्या रंगाखाली लाली किती पसरली ते डॉक्टरांनाही दिसत नाही. खोबरेल तेलाने ओलावा आतच कोंडतो.

आणि लाली बेचकं सोडून पावलावर चढू लागली, पाय गरम लागतो, थंडी वाजून ताप आला किंवा जांघेत अवधाण आलं, तर जिवाणू चिरेतून आत शिरले आहेत. पेनने लालीच्या कडेने रेघ मारा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लाली रेघ ओलांडते का हे त्यांना त्यावरून कळतं. मधुमेह असलेल्यांनी तर दुखण्याची वाटच बघू नये. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे दुखत नाही याचा अर्थ ठीक आहे असा होत नाही. रोज रात्री बोटं फाकवून घरातल्या कुणाला तरी बघायला सांगावं.

त्या रक्षकांनी पुढे बुटांचे दोन जोड केले. एक पायात, दुसरा चोवीस तास वाळत. अंघोळीनंतर ते आधी मोजे घालतात आणि मग अंतर्वस्त्र, कारण कपडा पायावरून वर ओढताना बुरशी जांघेत पोचू शकते.