मळाच्या त्या वळ्या त्वचेच्या नसतात: 'एका बैठकीत टॅन गायब' या फसवणुकीबद्दल

समारंभ तोंडावर आला की रापलेला चेहरा एकदम डोळ्यांत भरतो. कपाळ, नाक आणि गालांचे उंचवटे काळवंडलेले असतात, डोळ्यांभोवती गॉगलची फिकट खूण उमटलेली असते आणि हनुवटीखाली मूळचा रंग तसाच राहिलेला असतो. अशा घाईच्या दिवसांत 'एकाच बैठकीत सगळा टॅन काढून देतो' हे वाक्य फार लवकर पटतं. एका तरुणीची या वाक्याने कशी फसगत झाली ते इथे टप्प्याटप्प्याने लिहिलं आहे. प्रत्येक टप्प्यावर डोळ्यांना काहीतरी खरंखुरं दिसत होतं, म्हणूनच तिला संशय आला नाही.

समारंभ शनिवारी होता आणि ती बुधवारी संध्याकाळी पार्लरमध्ये गेली. सुरुवातीला कोरड्या चेहऱ्यावर एक पारदर्शक जेल लावलं गेलं. बोटांनी चोळायला सुरुवात केल्यावर अर्ध्या मिनिटात राखाडी रंगाच्या बारीक वळ्या सुटू लागल्या. "बघा किती मृत त्वचा साठली होती," असं म्हणत आरशात दाखवलं गेलं. वळ्या थांबेनात, तसं चोळणंही थांबेना. पंधरा-वीस मिनिटं तेच चाललं.

त्या वळ्या जेलच्याच असतात. अशा जेलमध्ये कार्बोमर नावाचा दाटपणा आणणारा पदार्थ असतो, बऱ्याचदा सेल्युलोजही असतं आणि त्याच्या जोडीला केसांच्या कंडिशनरमध्ये वापरतात तसला एखादा घटक असतो. चोळताना पाणी उडून जातं, विरुद्ध प्रभाराचे हे घटक एकमेकांना धरतात आणि त्यांचे गोळे होतात. चेहऱ्यावर उरलेलं सनस्क्रीन, तेल आणि धूळ त्यात मिसळली की रंग राखाडी येतो आणि मळ निघाल्यासारखं वाटतं. थोडी सुटलेली त्वचा त्यात असते, पण अगदी थोडी. पडताळा घ्यायचा असेल तर जेल स्वच्छ धुवून कोरड्या केलेल्या काचेवर चोळून बघा, तिथेही बहुतेक वेळा वळ्या सुटतील. त्याहून पक्की खूण म्हणजे हाताच्या एकाच जागी जेल चोळायचं, धुवायचं, पुसायचं आणि लगेच पुन्हा चोळायचं. दुसऱ्या वेळीही तेवढ्याच वळ्या निघाल्या तर त्या त्वचेतून येत नाहीत, हे उघड आहे.

चेहऱ्यावरचा मृत पेशींचा थर मिलिमीटरच्या काही शतांशांएवढाच असतो. तो खरोखर इतक्या ढिगाने निघाला असता तर खाली ओली, लालभडक त्वचा उघडी पडली असती. शिवाय टॅनचा रंग फक्त या वरच्या थरात नसतो. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी वरच्या त्वचेच्या तळाशी असतात आणि तिथे रंग भरलेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढेल तसे आणखी. त्यामुळे एका बैठकीत टॅन काढणं कुणालाच शक्य नाही. चोळण्याने वरची कोरडी, निस्तेज साय निघते, चेहरा थोडा उजळ आणि गुळगुळीत वाटतो, आणि तेवढंच होतं. या जेलशी वैर नाही. हलक्या हाताने मिनिटभर वापरलं तर ते निरुपद्रवी आहे. पण 'वळ्या संपेपर्यंत चोळायचं' हा नियम धरला की त्वचेचा संरक्षक थरच झिजतो, कारण जेल असेपर्यंत वळ्या संपतच नाहीत.

दुसरा टप्पा ब्लीचचा. हायड्रोजन पेरॉक्साइड चेहऱ्यावरच्या बारीक लवेचा रंग उतरवतं. काळी लव सोनेरी झाली की चेहरा लांबून उजळ दिसतो आणि श्रेय 'टॅन निघाल्याला' दिलं जातं. तिच्या नुकत्याच घासलेल्या गालांवर ब्लीच लागताच जोराने चुणचुण सुरू झाली. "चुणचुणतंय म्हणजे काम करतंय," असं उत्तर मिळालं. हे धडधडीत खोटं आहे. जळजळ ही काम होत असल्याची नव्हे, त्वचेला त्रास होत असल्याची खूण असते, आणि ती वाढत असेल तर त्याच क्षणी धुवायला सांगायचं.

तिसऱ्या टप्प्यात पांढरा लेप आणि शेवटी 'टॅन काढणारं क्रीम' लावलं गेलं. लेपात टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी भुकटी असते आणि लेप पुसला तरी ती त्वचेच्या बारीक रेषांत बसून राहते. क्रीम तर सरळसरळ रंगीत क्रीम होतं, म्हणजे आयर्न ऑक्साइडचे रंग घातलेलं पातळ फाउंडेशन. त्यात वाईट काही नाही, झाकणारं क्रीम झाकण्यासाठीच असतं. फसवणूक आहे ती झाकण्याला 'काढणं' म्हणून विकण्यात. कापसावर थोडं मेकअप काढायचं तेल घेऊन जबड्याच्या कडेवर फिरवलं असतं तर कापूस बदामी झाला असता आणि तिथेच सगळं कळलं असतं. पार्लरने आधीचा फोटो डोक्यावरच्या दिव्याखाली, कोरड्या चेहऱ्याचा काढला होता. नंतरचा समोरच्या गोल दिव्यासमोर, ओलसर चेहऱ्याचा. असे दोन फोटो शेजारी ठेवले तर काहीच न करताही रंग दोन छटा उजळ दिसतो. तुलना करायचीच तर एकाच खिडकीपाशी, एकाच वेळच्या उजेडात, धुतलेल्या चेहऱ्याची करावी.

रात्री चेहरा धुतल्यावर टॅन जसाच्या तसा होता, वर गाल लाल झाले होते. गुरुवारी त्वचा ओढल्यासारखी झाली आणि शुक्रवारी नाकाच्या कडा, ओठांचे कोपरे आणि हनुवटीवर पापुद्रे सुटले. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत हे जास्त जपावं लागतं, कारण अशी जळजळ शमल्यावर तिथे काळपट डाग उरू शकतात आणि ते टॅनपेक्षा कितीतरी हट्टी असतात.

तिच्याकडे दोन आठवडे असते तर सौम्य मार्ग होता. लॅक्टिक ॲसिड पाच टक्के किंवा मँडेलिक ॲसिड पाच ते दहा टक्के, दोन्हींपैकी एकच. आधी कानामागे लावून दोन दिवस वाट पाहायची. मग रात्री, धुवून पूर्ण कोरड्या केलेल्या चेहऱ्यावर वाटाण्याएवढं घेऊन डोळे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठ सोडून पसरायचं आणि वरून साधं मॉइश्चरायझर लावायचं. आठवड्यातून दोन रात्री पुरे. समारंभाच्या तीन दिवस आधी शेवटची वेळ, म्हणजे काही त्रास झालाच तर शमायला वाव राहतो. त्या काळात रेटिनॉल, स्क्रब, वॅक्सिंग आणि चेहऱ्याचं थ्रेडिंग करायचं नाही. उन्हाने भाजून सोलणाऱ्या त्वचेला ॲसिड अजिबात लावू नये. अशा ॲसिडनंतर आठवडाभर त्वचा उन्हाला जास्त हळवी राहते, म्हणून दिवसा किमान तीस एसपीएफचं सनस्क्रीन, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं लावावं. याने टॅन 'निघत' नाही, चेहऱ्याचा पोत एकसारखा होतो. उरलेला फरक झाकायचा असतो.

शुक्रवारी मात्र तिच्या हातात एकच गोष्ट होती, ती म्हणजे आणखी काही न करणं. पापुद्रे ओढायचे नाहीत, घासायचे नाहीत. कोमट पाणी, फेस न होणारं क्लेन्झर, दिवसातून तीन-चार वेळा सुगंध नसलेलं क्रीम आणि रात्री पापुद्र्यांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. शनिवारी सकाळी ओल्या मऊ कापडाने नुसतं टेकवून जेली उचलायची. जे सुटेल ते सुटेल, बाकीचं तसंच राहू द्यायचं.

झाकण्याचा भाग इथून सुरू होतो. मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लावल्यावर किमान दहा मिनिटं थांबायचं. ओल्या सनस्क्रीनवर सिलिकॉनचं रंगीत क्रीम चोळलं की त्याच्या गोळ्या होतात आणि लोक दोष त्वचेला देतात. छटा निवडताना बहुतेकांची चूक होते. कपाळाला जुळवलं तर चेहरा मानेपेक्षा काळा दिसतो आणि मूळ रंगाला जुळवलं तर रापलेल्या जागी राखेसारखी झाक येते. छाती आणि मान उघडी राहणार असेल तर तिथल्या रंगाशी जुळणारी छटा घ्यावी, आणि आधी फक्त कपाळ आणि गालांच्या उंचवट्यांवर पीच किंवा फिकट नारिंगी करेक्टरचा अगदी पातळ हात द्यावा. काळपटपणातली निळसर-राखाडी झाक त्याने मारली जाते. छटा जबड्यावर लावून पंधरा मिनिटांनी खिडकीच्या उजेडात पाहावी, कारण काही क्रीमचा रंग हवा लागल्यावर गडद होतो.

क्रीम ओल्या, घट्ट पिळलेल्या स्पंजने दाबत लावायचं, ओढायचं नाही. ओढलं की पापुद्र्याची कड उचलली जाते आणि रंग तिथे साचतो. पापुद्र्यांच्या जागी पावडर टाळावी, नाकाच्या शेंड्याला आणि कपाळाच्या मध्याला थोडी चालेल. शेवटी फ्लॅश लावून एक फोटो काढून पाहावा. सनस्क्रीनमधला झिंक किंवा टायटॅनियम आणि पावडरमधली सिलिका फ्लॅशमध्ये चेहरा पांढराफटक करतात, आणि हे आरशात कळत नाही.

जाताना तिला घरी लावायला लेबल नसलेली एक छोटी डबी दिली होती, 'लाली लगेच जाईल' असं सांगून. तिने लावली नाही हे फार चांगलं झालं. रात्रीत लाली घालवून चेहरा उजळ करणाऱ्या बेनामी क्रीममध्ये बऱ्याचदा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं. ते रक्तवाहिन्या आकुंचित करतं, म्हणून चेहरा लगेच फिका दिसतो. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, पुरळ येतं आणि बंद केलं की लाली दुपटीने उसळते. काहींत हायड्रोक्विनोन किंवा पारा असतो, आणि पारा मूत्रपिंडांना इजा करतो. घटक, बॅच क्रमांक आणि उत्पादकाचा पत्ता नसलेली डबी उघडूही नये. आधीच काही आठवडे लावली असेल तर स्वतःच्या मनाने एकदम थांबवण्याऐवजी डबी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं, ती फेकू नये. बिल, त्यांनी काढलेले फोटो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेल्या चेहऱ्याचा खिडकीपाशी काढलेला फोटो सोबत ठेवला तर पैसे परत मागताना आणि ग्राहक तक्रार करताना त्या वळ्यांच्या दाव्याला तिथल्या तिथे उत्तर देता येतं.