एफसीएफई काढताना कर्ज: वर्षावर्षाचं खरं, की ठरावीक प्रमाणात?

दरवर्षी नवं कर्ज काढणारी आणि जुनं फेडणारी कंपनी असेल, तर भागधारकांच्या वाट्याची रोकड, म्हणजेच एफसीएफई, काढायचे दोन मार्ग आहेत. एक, नव्या कर्जातून फेड वजा करायची आणि जो आकडा येईल तो जसाच्या तसा धरायचा. दुसरा, नक्त गुंतवणुकीचा, म्हणजे घसारा वजा जाता उरलेला भांडवली खर्च अधिक खेळत्या भांडवलातली वाढ याचा, एक ठरावीक हिस्सा कर्जातून येतो असं मानायचं आणि बाकीचा नफ्यातून कापायचा. व्याज निव्वळ नफ्यात आधीच गेलेलं असतं, ते दोन्हीकडे पुन्हा कापायचं नाही.

कुपवाड एमआयडीसीतल्या एका कास्टिंग कंपनीतून एक भागधारक बाहेर पडत होता, तेव्हा मी दोन्ही करून पाहिले. सोयीसाठी आकडे गोल करून देतो. पहिल्या वर्षी नफा 20 कोटी, नक्त गुंतवणूक 10 कोटी. नवी भट्टी आली म्हणून 15 कोटींचं कर्ज काढलं, जुनं 6 कोटींचं फेडलं. रोकड झाली 20 − 10 + 9, म्हणजे 19 कोटी. दुसऱ्या वर्षी नफा 21, गुंतवणूक तेवढीच, पण नवं कर्ज फक्त 3 आणि फेड 8. रोकड 6 कोटी. धंदा तोच, ऑर्डरी त्याच, नफा वाढलेला, आणि मालकाच्या वाट्याची रोकड तिसऱ्या हिश्शापेक्षाही खाली.

प्रमाणाच्या मार्गाने 30 टक्के कर्ज धरलं तर 10 कोटींपैकी 7 कोटी नफ्यातून जातात. रोकड येते 13 आणि 14 कोटी. दोन वर्षांची बेरीज एकीकडे 25, दुसरीकडे 27, म्हणजे तफावत फार नाही. तेव्हा कुठलाही मार्ग घ्या, काय बिघडतं, असं मलाही वाटत होतं.

बिघडतं ते अंदाजाच्या शेवटच्या वर्षी, कारण त्याच्या पुढची सगळी किंमत त्या एका वर्षाच्या रोकडीवरून काढतात. भागधारकांचा अपेक्षित परतावा 14 टक्के आणि पुढची कायमची वाढ 6 टक्के धरली, तर त्या वर्षीची रोकड 1.06 ने गुणून 8 टक्क्यांनी भागायची. 19 कोटींवर टेकलात तर किंमत सुमारे 252 कोटी. 6 कोटींवर टेकलात तर 79 कोटी 50 लाख. प्रमाणाने 14 कोटींवर 185 कोटी 50 लाख. अंदाज कुठल्या मार्चला थांबवला एवढ्यावर किंमत तिप्पट होते किंवा तिसऱ्या हिश्शावर येते. विकणाऱ्याला पहिला मार्च हवा असतो, घेणाऱ्याला दुसरा, आणि दोघांचंही गणित नियमात बसतं. मला खटकलं ते हेच.

कारण सरळ आहे. या कंपनीवर कर्ज होतं 50 कोटींचं. कंपनी 6 टक्क्यांनी वाढत असेल आणि भांडवलातलं कर्जाचं प्रमाण तेच राहायचं असेल, तर कर्जही 6 टक्क्यांनीच, म्हणजे वर्षाला 3 कोटींनी वाढायला हवं. 10 कोटींचे 30 टक्केही 3 कोटीच. याउलट 5 कोटींची निव्वळ फेड दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढत कायम चालू ठेवली, तर आठव्या वर्षी कर्ज संपतं. नवव्या वर्षी कंपनी फेडणार काय? आणि 9 कोटी कायम वाढत राहिले तर कर्ज धंद्याच्या मानाने पार फुगतं, पण परतावा आपण 14 टक्केच धरून बसलेले असतो. वाढत्या कर्जाबरोबर भागधारकाची जोखीम आणि अपेक्षाही वाढायला हव्यात. म्हणून शेवटच्या वर्षीची निव्वळ उचल एकूण कर्जाने भागून पाहायची. ती वाढीच्या दराच्या आसपास नसेल तर तो आकडा पुढे नेऊ नये.

आपल्या भागात साखर कारखान्यांचं प्रकरण आणखी नाजूक. 31 मार्चला हंगाम संपत आलेला, गोदामं भरलेली आणि साखरेवरचं तारणकर्ज चढलेलं असतं. त्या तारखेच्या ताळेबंदावरून काढलेला कर्जाचा फरक बरेचदा साखर किती विकली गेली एवढंच सांगतो. सीसीची, म्हणजे कॅश क्रेडिट खात्याची, उचल कर्जात धरली असेल तर खेळत्या भांडवलात पुन्हा धरू नये, हेही इथेच चुकतं.

खऱ्या कर्जाचा मार्ग मी टाकून देत नाही. बँकेच्या मंजुरीपत्रात हप्ते ठरलेले असतील आणि कंपनी जाणूनबुजून कर्ज उतरवत असेल, तर पहिली चार-पाच वर्षं तोच बरा. तिथे 30 टक्के नवं कर्ज मिळेल असं मानणं बँकेच्या वतीने आपणच बोलण्यासारखं होईल. फक्त परतावाही वर्षागणिक थोडा खाली आणावा लागतो, आणि ते काम कंटाळवाणं आहे. कर्ज स्थिरावल्यावरच्या वर्षासाठी मात्र मी प्रमाणच वापरतो. ते प्रमाण मागच्या पाच-सात वर्षांच्या निव्वळ कर्जाच्या बेरजेला त्याच वर्षांच्या नक्त गुंतवणुकीच्या बेरजेने भागून घेतो, एका वर्षावरून नाही. तुमच्या कंपनीत ही बेरीज उणे येत असेल, तर आधी मंजुरीपत्र मागवा.