‘नऊच्या आत घरी’ की बेत पाहून वेळ?

येळ्ळूरचा सोळा वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर बेळगावात गणपती बघायला निघाला आहे. घरचा नियम रोजचाच: नऊच्या आत उंबऱ्यात. पाळायला सोपा, वादाला जागा नाही, आणि शाळा-क्लासच्या दिवसांत तोच बरा. पण गर्दीच्या रात्री तो उलटतो. साडेआठची बस खचाखच भरून जाते, बोलणी खायला नकोत म्हणून पोरगं मित्राच्या गाडीवर तिसरं बसतं आणि फोन बंद करतं. गाडी चालवणाराही अठराच्या आतलाच असतो. त्यात पकडलं गेलं तर गाडी चालवणाऱ्याच्या पालकाला २५,००० रुपये दंड आहे, हे बऱ्याच घरांत माहीतही नसतं.

दुसरा मार्ग म्हणजे निघण्यापूर्वी बेत ठरवणे. कोण-कोण, कोणत्या गल्ल्या, आणि मुख्य म्हणजे परतायचं कशानं? दहाला बाबा ठरलेल्या चौकात उभे राहतील, एवढं पक्कं झालं की घाई संपते. उशीर होणार असेल तर निरोप दहाच्या आधी यायला हवा. नंतर आलेली ती सबब. गर्दीत फोन लागत नाही, म्हणून जागा आधीच ठरलेली हवी. लाईव्ह लोकेशनवर विसंबू नये, बॅटरी तेच आधी खातं.

अडचणीसाठी एक खूणवाक्य ठेवा: ‘आजीचं औषध आणलं का?’ ते आलं की घ्यायला जायचं, चौकशी सकाळी. त्याच रात्री झापलंत, तर पुढच्या वेळी ते वाक्य येणार नाही.