सोन्याच्या साठ्यावर पुट: दिवाळी ते अक्षय्य तृतीया वापरून झालेलं मत

इंदूरच्या सराफ्यातल्या मध्यम दुकानाला भावाचा विमा म्हणून एमसीएक्स या वायदेबाजारातला पुट, म्हणजे ठरलेल्या भावाने विकण्याचा हक्क, परवडतो का? परवडतो, पण बारा महिने नाही. आणि तो किती सोन्यावर घ्यायचा, हे घेण्याआधी नीट मोजावं लागतं.

बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. तिजोरीचं वजन म्हणजे जोखीम नव्हे. उदाहरणादाखल, खडे-मणी वजा करून २२ कॅरेटचे १,३४० ग्रॅम दागिने धरू. ०.९१६ ने गुणलं की फाइन सोनं साधारण १,२२७ ग्रॅम येतं. त्यातलं २५० ग्रॅम बँकेच्या मेटल लोनचं, म्हणजे सोन्याच्याच रूपात घेतलेल्या कर्जाचं असेल आणि त्याचा भाव अजून बांधला नसेल, तर भाव पडल्यावर ते कर्जही तितकंच हलकं होतं. म्हणून ते वजा करायचं. ग्राहकांनी भाव बांधून बुक केलेलं १८० ग्रॅमही वजा, कारण त्याचा विक्रीभाव ठरलेला आहे. उरलं ७९७. गोल्ड मिनीचा (GOLDM) लॉट १०० ग्रॅमचा आणि ९९५ शुद्धतेचा असतो. आठ लॉटमध्ये ७९६ ग्रॅम फाइन बसतं, म्हणजे जवळजवळ बरोबर. एक किलोचा लॉट घेतला असता तर दोनशे ग्रॅमवर नुसता सट्टा झाला असता.

आता भाव. आकडे समजण्यापुरते गोल धरले आहेत. वायदा दहा ग्रॅमला १,२०,००० आणि मुदतीला महिनाभराहून थोडे जास्त दिवस. १,१७,००० या ठरलेल्या विक्रीभावाचा, म्हणजे स्ट्राइकचा, पुट दहा ग्रॅमला १,१०० प्रीमियम भरून मिळाला, तर आठ लॉटचे ८८,००० रुपये आधीच जातात. भाव १,११,००० वर आला तर साठ्यात ७,२०,००० चा खड्डा पडतो आणि मुदतीपाशी पुट ४,८०,००० परत देतो. प्रीमियम धरून तोटा ३,२८,००० वर थांबतो, आणि भाव आणखी घसरला तरी तो वाढत नाही. पहिल्या तीन हजारांची घसरण मात्र दुकानाच्याच खिशातून जाते, हे आधी मान्य करून बसावं.

मग वायदाच विकून का टाकू नये? त्यात प्रीमियम नसतो, हे खरं. पण भाव सहा हजारांनी वर गेला तर ४,८०,००० रोख भरावे लागतात, आणि तेवढीच कमाई दागिन्यांत अडकलेली असते. अमेरिकेचे आकडे संध्याकाळी येतात, एमसीएक्स रात्री उशिरापर्यंत चालू असतं. दुकानं बंद होऊन सराफ्यात भुट्ट्याच्या किसाच्या गाड्या लागल्यावर मार्जिनसाठी, म्हणजे वायद्याच्या अनामतीसाठी, पैसे कोण उभे करणार? पुट विकत घेतला की जास्तीत जास्त प्रीमियम जातो, रोज पैसे भरायची कटकट नाही.

खर्चाबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. वरच्या उदाहरणात महिन्याला ९६ लाखांच्या मालावर ०.९ टक्का गेला. वर्षभर तेच केलं तर घडणावळीतला मोठा वाटा प्रीमियममध्ये जाईल. म्हणून पुट ठराविक काळापुरताच: सणाआधी साठा भरताना आणि अर्थसंकल्पाच्या तोंडावर. २३ जुलै २०२४ ला आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं आणि एमसीएक्सवर एका दिवसात दहा ग्रॅममागे सुमारे चार हजार रुपये गेले. एमसीएक्सच्या भावात आयात शुल्क धरलेलं असतं, त्यामुळे इथला पुट अशा धक्क्यालाही चालतो. परदेशी बाजारातल्या पुटला त्याचा पत्ताही लागला नसता. जीएसटी मात्र त्या भावात नसतो, म्हणून तो हिशेबात धरू नये.

वापरताना दोन गोष्टी खटकल्या. भाव हजाराने पडला की पुट हजाराने वाढेल, ही अपेक्षा चुकीची ठरते. खालच्या स्ट्राइकचा पुट सुरुवातीला तीनशे-साडेतीनशेच वाढतो आणि त्याच वेळी दिवसागणिक झिजतो. महिनाभर सावकाश दोन हजार उतरलेल्या बाजारात साठा आणि प्रीमियम दोन्ही जातात. दुसरं म्हणजे लांबच्या महिन्यांत आणि अधल्यामधल्या स्ट्राइकवर खरेदी-विक्रीच्या भावांत मोठं अंतर असतं. पूर्ण हजाराचे स्ट्राइक घ्यावेत, तेही लिमिट ऑर्डर लावूनच.

सगळ्यात महाग चूक मुदतीला होते. हा ऑप्शन संपल्यावर रोख पैसे मिळत नाहीत. फायद्यातला पुट स्ट्राइकच्या भावाने विकलेल्या वायद्यात बदलतो आणि त्यावर मार्जिन लागतं. त्याची तयारी म्हणून शेवटच्या दिवसांतच ब्रोकर जादा मार्जिन मागू लागतो. म्हणून मुदतीच्या आठवडाभर आधी जुना विकून टाकावा. साठा अजून तेवढाच असेल तर त्याच बैठकीत पुढचा महिना घ्यावा. लग्नसराईत माल निघून गेला आणि तो लगेच भरला नाही, तर लॉटही त्याच प्रमाणात कमी करावेत.